ब्याण्णव टक्के म्हणजे किती पिशव्या?

जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी डेटाचं काम करत होते, तेव्हाची गोष्ट. सोयाबीनच्या बियाण्याला उगवणीची किमान अट 70 टक्क्यांची. जानेवारीत 78 टक्के उगवण दाखवून पास झालेला लॉट मराठवाड्याचा उन्हाळा गोदामात काढतो आणि जूनपर्यंत 65 वर येऊन बसतो. पिशवी तोवर शेतकऱ्याच्या बांधावर पोचलेली असते. 2020 च्या खरिपात आपल्याकडे सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी किती आल्या, दुबार पेरणीची वेळ किती जणांवर आली, हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून जानेवारीत पास झालेल्यांपैकी कोणते लॉट जूनपर्यंत घसरतील, हे आधीच सांगणारं मॉडेल मी बनवलं. आधीच्या हंगामातले 400 लॉट त्याच्यापासून लपवून ठेवले होते आणि त्यांच्यावर त्याची परीक्षा घेतली. उत्तरं 92 टक्के बरोबर आली.

सकाळच्या बैठकीत मी मॉडेलचा कस दाखवणारी मापं, म्हणजे आरओसीचा आलेख आणि एफ-वन स्कोअर, मांडली. विक्री बघणारे साहेब शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मॅडम, ब्याण्णव टक्के म्हणजे किती पिशव्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जेवणानंतर पुन्हा बसायचं ठरलं.

मधल्या दोन तासांत मी मोजायला बसले, आणि पहिली गोष्ट नजरेत भरली ती मलाच अस्वस्थ करणारी होती. त्या 400 लॉटपैकी जूनमध्ये घसरलेले होते फक्त 40. म्हणजे मॉडेल न वापरता "सगळे चांगले" असं डोळे झाकून म्हटलं असतं तरी 90 टक्के बरोबर आलो असतो! मॉडेलने त्या 40 पैकी 26 पकडले होते, 14 सोडले होते आणि 18 चांगल्या लॉटवर उगाच बोट ठेवलं होतं.

सुटलेल्या चौदांची यादी घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या ताईंनी नोंदवही उघडली आणि यादीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "यातले अकरा एकाच पट्ट्यातले. मळणी यंत्र जोरात फिरवतात तिकडे." त्यांनी त्याच पट्ट्यातलं यंदाचं बियाणं घेतलं, शंभर दाणे मोजून बशीतल्या हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात टाकले. दहा मिनिटांत त्यातले बरेच दाणे फुगून दुप्पट झाले. साल तडकलेली होती, पाणी लगेच आत शिरलं. सुकं असताना हेच दाणे टपोरे, पिवळेधमक दिसत होते. मळणीचा वेग माझ्या डेटात कुठेच नव्हता, मग मॉडेलला तरी कसा कळणार?

दुपारी मी एकच कागद, ती बशी आणि सोबत ताईंना घेऊन गेले. कागदावर लिहिलं होतं : सुटलेले लॉट 14, लॉटमागे साधारण 200 पिशव्या, म्हणजे 2,800 पिशव्या. एकरी एक पिशवी धरली तर 2,800 एकर.

मग दुसरा पर्याय मांडला. मॉडेल प्रत्येक लॉटला शून्य ते एक असा धोक्याचा आकडा देतं आणि ठरलेल्या रेषेच्या वर गेलेल्या लॉटवर संशय घेतं. ही रेषा 0.50 वरून 0.25 वर आणली, की ते जास्त लॉटवर संशय घेतं. त्यात 35 खराब लॉट सापडतात, सुटतात फक्त 5, पण 52 चांगलेही यादीत येतात. एकूण अचूकता 92 वरून 86 वर उतरते. उत्पादन बघणारे साहेब लगेच म्हणाले, "मग हे वाईट झालं की!"

मी विचारलं, "चांगल्या लॉटवर संशय घेतला तर आपलं काय जातं, साहेब?" उत्तर ताईंनीच दिलं : मे महिन्यात एक फेरतपासणी आणि आठ दिवस, कारण सोयाबीनची शेवटची मोजणी आठव्या दिवशी होते. लॉट काही फेकून द्यायचा नसतो. खराब लॉट सुटला तर मात्र शेतकऱ्याचा हंगाम जातो. दोन चुकांची किंमत इतकी वेगळी असताना दोन्हींना सारखंच मोजणारा टक्का पुढे ठेवणं बरोबर नव्हतं, हे मला त्या टेबलावर पक्कं पटलं.

"मग पाचही का सोडायचे?" विक्रीवाल्या साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. तेही पकडायचे तर रेषा इतकी खाली न्यावी लागत होती, की निम्म्याहून जास्त लॉट यादीत येत होते. मे महिन्यात प्रयोगशाळेला जमेल अशा फेरतपासण्या नव्वदच्या आसपास. आमची यादी 87 ची होत होती. रेषा तिथेच ठरली.

विक्रीवाल्या साहेबांनी बशीतला एक फुगलेला दाणा उचलून चिमटीत दाबला, साल सुटून हातात आली. त्यांनी ताईंना विचारलं, "हे माल उतरवतानाच करता येईल ना?" त्या हंगामापासून आवकेच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला, शंभरात फुगलेले दाणे किती.