कट् असा आवाज

भाचीने पुण्याहून गडद चॉकलेटचे दोन बार आणले होते. त्यांतला एक मी फडताळात ठेवला आणि दुसरा एप्रिलच्या उन्हात, रंकाळ्याकाठी उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत विसरलो. रविवारी दुपारी दोन्ही शेजारीशेजारी उघडले. फडताळातला बार आरशासारखा चकाकत होता आणि खाचेवर अंगठे टेकवताच कट् असा आवाज होऊन त्याची सरळ, स्वच्छ कड निघाली. डिकीतला मात्र मुकाट्याने वाकला, वेडावाकडा तुटला आणि त्याच्या अंगावर पीठ भुरभुरावे तसा पांढुरका थर दिसला. आईने लांबूनच "बुरशी आहे, टाकून दे" असा निकाल दिला.

ती बुरशी नव्हती. कोकोच्या बियांतली चरबीच वर आली होती. ही चरबी सहा तऱ्हांनी गोठते आणि त्यांपैकी पाचवीच चकाकी व कटकन मोडण्याचा गुण देते. ती सुमारे ३४ अंशांना, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या जरा अलीकडेच वितळते, म्हणून तुकडा हातात टिकतो आणि जिभेवर विरघळतो. ती साधण्यासाठी कारागीर गडद चॉकलेट ४५ अंशांच्या पुढे वितळवतो, ढवळत २७-२८ पर्यंत निववतो आणि पुन्हा ३१-३२ पर्यंत ऊब देतो. पाक घोटण्यात चूक झाली की ढेप बिघडते, हे जाणणाऱ्या गुळव्याला यात नवल वाटणार नाही. डिकीत घोटायला कोणी नव्हते. चॉकलेट वितळले आणि संध्याकाळी आपल्या मर्जीने गोठले. तो थर बोटाने चोळला तर तुपासारखा विरून गेला. फ्रिजमधून उघडा काढलेल्या बारला दमट हवा लागली, तर वर येते ती साखर, आणि ती बोटाला खरखरीत लागते.

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी वडील बार वाटायचे, तेव्हा आम्ही चौघे भावंडे श्वास रोखून त्या खाचांकडे पाहत असू. रेषा सोडून तुकडा पडला तर भांडण ठरलेले असे. चांदी माझ्या वाट्याला येई. ती नखाने गुळगुळीत करून मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवी, आणि आजही ती फाडून काढणाऱ्या माणसाशी माझे फारसे जमत नाही. म्हणूनच त्या दुपारीही चांदी मूळच्या घड्यांवर परत मिटून मी बार फडताळात ठेवला.

डिकीतला बार आईनेच संध्याकाळी गरम दुधात विरघळवून प्यायला, आणि बुरशीचा विषय पुन्हा निघाला नाही. रात्री सारे झोपल्यावर मी चांगल्या बारचा आणखी एक तुकडा हलक्या हाताने मोडला, पण तो कट् आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून भाची हात पुढे करीत आली. चोरून खायला डिकीतलाच बार बरा होता.