लहान बाथरूमसाठी गीझर निवडताना: माझा अनुभव

जुना गीझर बंद पडायच्या आधी बरेच दिवस घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडत होता. गीझर चालू केला की काही मिनिटांनी सगळ्या घराची वीज जायची आणि गीझरचा प्लग काढला की आरसीसीबी मुकाट्याने वर राहायचा. मेकॅनिकने खालचं झाकण उघडून कॉइल बाहेर काढली, तेव्हा कारण दिसलं. तांब्याच्या नळीवर पांढऱ्या क्षाराचा जाड थर चढला होता आणि एका जागी नळीला चीर गेली होती. "क्षारामुळे कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही. ती आतल्या आत तापते आणि फाटते. मग पाणी आत शिरतं आणि करंट अर्थमध्ये उतरतो," त्याने सांगितलं. टाकीही तळाशी गंजली होती, त्यामुळे नवीन गीझर घेणं भागच होतं. पण तो कसा घ्यायचा, हे त्या कॉइलनेच सांगून टाकलं. आमचं पाणी बोअरचं, आणि त्या पाण्यात टिकेल आणि उघडता येईल असाच गीझर हवा होता.

आधी क्षमतेचा प्रश्न. बाथरूम चार बाय सहा फुटांचं, वर माळा, त्यामुळे भिंतीवर उंचीला फारशी जागा नाही. दुकानात पहिला सल्ला मिळाला तो तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरचा, कारण तो छोटा. मी घरी येऊन हिशोब मांडला. थंडीत नळाचं पाणी साधारण २० अंश असतं आणि अंघोळीला ४० अंशांचं लागतं. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर वाहत्या पाण्याला २० अंश वर नेतो, तेव्हा मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी देऊ शकतो. आधीच तापलेल्या तीन लिटरमुळे सुरुवातीचे पाच-सहा लिटर पटकन मिळतात, पण २० लिटरची बादली भरायला एकूण सहा-सात मिनिटं जातातच. शॉवर घ्यायचा तर धार फारच बारीक होते. सिंकखाली भांडी घासायला तो उत्तम, अंघोळीला मला तो पटला नाही.

मग साठवणीचा गीझर. टाकीतलं पाणी ६० अंशांवर असेल, तर एका बादलीला दहा लिटर गरम आणि दहा लिटर गार असं मिश्रण लागतं. पण टाकीतलं सगळं पाणी गरम मिळत नाही. आपण वरून गरम पाणी काढतो तसं खालून गार पाणी आत येतं आणि शेवटचा भाग कोमट होऊन जातो. पंधरा लिटरच्या उभ्या टाकीतून मी बारा लिटर चांगलं गरम पाणी धरलं, म्हणजे एक बादली सहज. दुसऱ्यासाठी दहा लिटर पुन्हा ४० अंशांनी तापवायचे. लिटर गुणिले अंश, भागिले ८६०, की युनिटं मिळतात. इथे ती आली अर्धं युनिट, थोडं कमीच. दोन किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी सुमारे चौदा मिनिटं लागतात. आम्ही घरात दोघं, तेवढं थांबणं चालतं. पंचवीस लिटरमध्ये दोन बादल्या सलग मिळाल्या असत्या, पण तो पूर्ण तापायला पस्तीस मिनिटं लागतात आणि माळ्याखाली तो मावतही नव्हता.

जागेच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गीझर नुसता मावून भागत नाही, त्याच्याखाली कॉइल ओढून काढायला तिच्या लांबीइतकी मोकळी जागा राहिली पाहिजे. दाराच्या चौकटीला अगदी टेकवून बसवलेले गीझर मी पाहिलेत. ते दुरुस्तीला भिंतीवरून उतरवावे लागतात. म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते आणि आत क्षार साचत राहतो. काही जण जागेसाठी उभा गीझर आडवा टांगतात, तेही करू नये. आत पाण्याची नळी आणि कॉइल उभ्या स्थितीसाठीच बसवलेली असतात. आडवं केल्यावर टाकीत वर हवा अडकते आणि कॉइलचा काही भाग कोरडा तापू शकतो. आडवी जागा असेल तर आडवंच मॉडेल घ्यावं. आमच्याकडे खाली दीड फूट मोकळी राहत होती, म्हणून उभाच ठरला.

कॉइलसाठी मी इन्कॉलॉय निवडलं. निकेल, लोखंड आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू क्षाराखाली जास्त तापला तरी तांब्यापेक्षा जास्त टिकतो. क्षार त्यावरही बसतोच, फक्त सहन जास्त होतो. काचेसारखा मुलामा दिलेली कॉइल मिळाली, हे आणखी चांगलं झालं, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर थर घट्ट धरत नाही. थर्मोस्टॅट मी ६० वरच ठेवला आहे. पाणी जितकं जास्त तापतं, तितका क्षार भराभर बसतो. टाकी काचेच्या अस्तराची घेतली. तिच्यात मॅग्नेशियमचा रॉड असतो, जो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो संपला की पुढचा नंबर टाकीचा.

सुरक्षेत माझं लक्ष एका छोट्या भागावर होतं, तो म्हणजे गार पाण्याच्या नळीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. तो तापलेलं पाणी मागे जाऊ देत नाही आणि दाब वाढला की थोडं पाणी बाहेर सोडतो. पंधरा लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे सव्वादोनशे मिली फुगतं, म्हणून नळ बंद असताना तो ठिबकणारच. बसवायला आलेला प्लंबर म्हणाला, "गळतंय, इथे प्लग मारू का?" मी त्याला थांबवलं. ते तोंड बंद केलं की थर्मोस्टॅट अडकल्यावर दाबाला बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्या तोंडाला बारीक नळी लावून पाणी जाळीपर्यंत नेलं. थर्मोस्टॅट अडकला तरी वीज तोडणारा वेगळा थर्मल कटआउट आहे ना, अर्थिंग नीट आहे ना आणि आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा आहे ना, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं.

ब्रँड मी शेवटी ठरवला, तोही फोन करून. मोठ्या अक्षरांत लिहिलेली वॉरंटी बहुतेक टाकीची असते, कॉइलची वेगळी आणि बहुधा कमी. म्हणून सर्व्हिस सेंटरला विचारलं: या मॉडेलची कॉइल, गॅस्केट आणि मॅग्नेशियम रॉड आत्ता तुमच्याकडे आहेत का? क्षाराच्या पाण्यात वॉरंटी राहते का? रॉड बदलला नाही तर? एका ठिकाणी "गीझर बिघडल्यावर बघू" असं उत्तर मिळालं, ते मॉडेल मी सोडलं. दुसऱ्यांनी रॉड वर्षाने तपासायचा आणि त्याची पावती जपून ठेवायची, नाहीतर टाकीची वॉरंटी जाते, असं स्पष्ट सांगितलं. त्यांचाच घेतला.

वर्षाने त्यांचा माणूस आला. वीज बंद करून, टाकी रिकामी करून त्याने खालची बाजू उघडली. कॉइलवर पापुद्र्यासारखा पातळ थर होता, तो हातानेच निघाला. रॉड मात्र अर्ध्याहून जास्त झिजला होता, म्हणून त्याच वेळी नवा बसवला आणि गॅस्केटही बदललं. आमच्या पाण्यात रॉड दोन वर्षं पुरणार नाही, असं त्याचं मत पडलं, म्हणून पुढची तपासणीही वर्षभरानेच ठेवली आहे.