तुम्ही विचारलंत म्हणून : दर तोच, काम कमी

‘क्लायंट म्हणतो, काम आवडलं पण रेट कमी करा. अशा वेळी तुम्ही त्याला नेमकं काय लिहून पाठवता?’

आधी फक्त एक प्रश्न पाठवते : ‘तुमच्या मनात आकडा किती आहे?’ कारण ‘थोडं बघा ना’ याला उत्तरच देता येत नाही. आपण अंदाजाने दहा टक्के कमी करतो आणि समोरचा म्हणतो, अजून थोडं. आकडा कळला की मग वहीत हिशोब मांडता येतो.

मी वेबसाइट डिझाइन करते. मागे एका क्लायंटला आठ पानांच्या साइटचं कोटेशन दिलं होतं. माझ्या हिशोबाने ते साठ तासांचं काम होतं. आठ पानं, प्रत्येकी चार तास, म्हणजे बत्तीस. दुरुस्तीच्या तीन फेऱ्यांचे नऊ. चौकशीचा फॉर्म बनवून मेलला जोडायचे पाच. उरलेले चौदा तास क्लायंटला कधी दिसत नाहीत : सुरुवातीची चर्चा, साइटचा आराखडा, होस्टिंगची जुळणी, वेगवेगळ्या मोबाइलवरची तपासणी, शेवटी सगळं त्यांच्या ताब्यात देणं. त्यांचं म्हणणं होतं, तीस टक्के कमी करा. म्हणजे बेचाळीस तासांचे पैसे.

अठरा तास कुठून काढायचे? चौदा तासांना हात लावता येत नाही. पानं पाच असोत की आठ, चर्चा तेवढीच होते आणि होस्टिंग तेवढाच वेळ खातं. तपासणी गाळायचा मोह होतो, कारण ती गाळलेली कुणाला कळत नाही. पण साइट सुरू झाल्यावर कुणाच्या तरी फोनवर मेन्यू उघडत नाही आणि तेव्हा ते काम फुकटात आपल्याच गळ्यात पडतं. म्हणून कात्री चालवायची ती उरलेल्या सेहेचाळीस तासांवर. पैसे तीस टक्के कमी झाले की दिसणारं काम जवळजवळ चाळीस टक्के कमी होतं. क्लायंटला हे गणित विचित्र वाटतं, म्हणून ते आपणच आधी सांगितलेलं बरं.

तीन पानं काढली, बारा तास. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या काढल्या, सहा तास. काढताना एकच बघितलं : ही गोष्ट नंतर वेगळी जोडता येईल का? बातम्यांचं पान नंतर जोडता येतं. फॉर्म नसेल तर मात्र साइट असून त्यांच्या उपयोगाची नाही, म्हणून तो ठेवला.

मग हा मेल गेला :

‘तुमचं बजेट कळवलंत, बरं झालं. माझा दर तोच ठेवून त्या रकमेत हे बसतं : मुख्य पान, आमच्याविषयी, सेवा, केलेली कामं आणि संपर्क, अशी पाच पानं, चौकशीचा फॉर्म, मोबाइलवरची तपासणी, दुरुस्तीची एक फेरी. यात नसेल : बातम्या, टीमची ओळख आणि नेहमीचे प्रश्न ही तीन पानं, आणि दुरुस्तीच्या पुढच्या दोन फेऱ्या. या गोष्टी नंतर हव्या झाल्या तर याच दराने जोडून देईन. पूर्ण आठ पानांचं आधीचं कोटेशनही महिनाभर कायम आहे. दोन्हींपैकी कोणतं सोयीचं पडेल?’

बघा, यात ‘परवडत नाही’ नाही, अनुभवाची वर्षं नाहीत, माफीही नाही. दर का कमी करत नाही याची कारणं लिहायला लागलं की प्रत्येक कारणावर घासाघीस सुरू होते. शिवाय तेच काम तीस टक्के कमी पैशांत करून दिलं, तर क्लायंट मनात म्हणणारच की पहिला आकडा फुगवलेला होता. पुढचं काम मग त्या खालच्या दरापासून सुरू होतं.

या मेलमधली ‘यात नसेल’ ही ओळ मी आधी लिहीत नसे. त्याची किंमत मोजली आहे. कमी केलेलं काम आठवड्या-दोन आठवड्यांनी ‘एवढंच तर आहे’ म्हणत परत येतं आणि आपल्याकडे दाखवायला काही नसतं.

उत्तरावरून माणूसही कळतो. ‘टीमचं पान ठेवा, नेहमीचे प्रश्न नकोत’ असं कुणी म्हणालं तर त्याने यादी वाचली आहे, बजेटची अडचण खरी आहे. अदलाबदल खुशाल करावी. पण ‘ते सगळं ठीक, तरी त्याच पैशांत आठ करा ना, पुढे भरपूर काम देईन’ असं आलं, तर मी नमस्कार करते. पुढच्या कामाची सूट मी पुढच्या कामावर देते. आणि कात्री लावून उरलेलं काम कुणाच्या उपयोगाचंच राहत नसेल, तर छोटा पर्याय देतच नाही, सरळ नाही म्हणते.

या क्लायंटने पाच पानं घेतली. तिसऱ्या आठवड्यात टीमचं पान मागितलंच. मी मेलमधली ती ओळ आणि चार तासांचा आकडा पाठवला, त्यांनी दुसऱ्या दिवशी होकार कळवला. बातम्यांचं पान त्यांनी अजून मागितलेलं नाही.