एकाच यादीतून दोन प्रकरणं

"दुसरं प्रकरण तुमचं, की तुमच्या ताईंचं?" रत्नागिरीत ऐन जुलैत झालेल्या माझ्या पीएच.डी.च्या व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न हा टाकला. दुसरं प्रकरण म्हणजे विषयावरच्या आधीच्या लेखनाचा आढावा. माझा विषय राजापूर खाडीकाठच्या खारजमिनी. माझ्या चार वर्षं आधी ताईचा, भाट्ये खाडीकाठच्या. मार्गदर्शक सर एकच, आणि तिच्या व्हायवालाही हेच परीक्षक होते.

साम्य अहवालात आकडा ९ टक्के होता. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. पण सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. परीक्षकांनी क्रम पाहिला होता: तेच संदर्भ, तसेच एकामागोमाग एक. हे अहवालात दिसत नाही.

ताईनंच आधी सावध केल्यामुळे एक तक्ता माझ्याजवळ होता. सरांनी आम्हा दोघांना मेल केलेली चाळीस नोंदींची यादी, तारखेसकट, पुढे ठेवली. आमच्या दोघांचे समान संदर्भ ३१, त्यातले २८ यादीतले. यादी अकारविल्हे नव्हती. सरांनी कायदे, बांधबंदिस्ती, मातीची क्षारता असे गट पाडले होते. आम्ही दोघांनी तेच गट उचलून उपशीर्षकं केली. क्रम तिथून आला. उरलेल्या तीन संदर्भांपैकी दोन मला ताईच्याच प्रबंधात सापडले होते आणि मी तसं लिहिलं नव्हतं. ते मी स्वतःहून सांगितलं. विचारल्यावर सांगण्यापेक्षा ते बरं.

मग परीक्षकांनी पेन टेकवलं. "खारभूमी विकास कायद्याचं साल दोघांकडे १९८१ कसं?" कायदा १९७९ चा. चूक यादीतली होती, ती मी दाखवलीही. ते शांतपणे म्हणाले, "चूक कुठून आली ते कळलं. पण मूळ कायदा दोघांनीही उघडला नाही, हेही कळलं." यावर उत्तर नव्हतं. समान चूक हीच तर नकलेची सगळ्यात भक्कम खूण मानतात. यादीनं नकलेचा संशय दूर केला, आळसाचा नाही.

शेवटी त्यांनी क्षारतेवरचा एक अहवाल निवडून विचारलं, यातून तुम्ही काय घेतलं? ताईनं त्यातून भाताच्या उताऱ्याचे आकडे घेतले होते. मी बांध फुटल्यावर जमीन किती हंगाम पडीक राहिली तेवढंच. माझी टिपणवही उघडून ते पान दाखवलं. इथे ते पहिल्यांदा मान हलवून "हं" म्हणाले.

दुरुस्त्या मिळाल्या: साल, ते दोन संदर्भ, आणि प्रकरणाच्या सुरुवातीला यादीचा उल्लेख. मुदत एक महिना.

बाहेर पाऊस कोसळत होता. व्हरांड्यात सरांनी माझ्याकडून यादी घेतली, पेनानं १९८१ खोडलं आणि विचारलं, "उरलेल्या एकोणचाळीस नोंदी तपासशील का रे?"