आमची वाटचाल : न दिलेल्या पैशांचा खर्च

2009 साली अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही कंट्रोल पॅनेल बनवायला सुरुवात केली, तेव्हा आमच्याकडे दोन वायरमन होते आणि हिशेब बायकोच्या वहीत असायचा. पाच वर्षांनी प्रायव्हेट लिमिटेड झालो. पुढे पॅनेलबरोबर मशीनचं प्रोग्रॅमिंगही करू लागलो, आणि तिथेच डोकेदुखी सुरू झाली. पोरगं दोन वर्षांत तयार व्हायचं आणि तिसऱ्या वर्षी पुण्याला जायचं. तिथला पगार आम्हाला झेपणारा नव्हता. मग ठरवलं, पगार नाही तर निदान कंपनीत वाटा देऊ. त्याला इसॉप म्हणतात, हे तोवर ऐकून होतो.

1 एप्रिल 2022 रोजी आमच्या बारा जणांना प्रत्येकी 500 ऑप्शन दिले. अट एकच: तीन वर्षं टिकायचं. टिकला तर त्याने शेअरमागे 100 रुपये भरायचे आणि शेअर घ्यायचा. त्या वेळी मूल्यांकनकाराने आमच्या शेअरची किंमत 400 रुपये काढली होती. कंपनीचे एकूण शेअर एक लाख, ते सगळे आम्हा नवराबायकोच्या नावावर. पत्रं वाटली, पेढे वाटले. तिजोरीतून एक रुपया गेला नव्हता, त्यामुळे मी खुशीत होतो.

ती खुशी मार्च 2023 च्या ताळेबंदापर्यंत टिकली. माझ्या हिशेबाने नफा 31 लाख होता. आमच्या सीए मॅडमनी पाठवलेल्या मसुद्यात तो साडेपंचवीस लाखांच्या आसपास दिसला. मधले 5,41,667 रुपये 'कर्मचारी ऑप्शन खर्च' या नावाखाली वजा केलेले. मी फोन करून जरा चढ्या आवाजातच विचारलं, "मॅडम, हे पैसे मी कुणाला दिले? बँकेचं स्टेटमेंट बघा, कुठे आहेत?"

त्या म्हणाल्या, "बँकेत नाहीतच. उद्या ऑफिसला या."

त्या रात्री जेवताना आबांना सांगितलं. आबांनी निफाडला आयुष्यभर शेती केली. ते म्हणाले, "आम्ही सालगड्याला ज्वारी द्यायचो. रोख जात नव्हती म्हणून काय गडी फुकटात राबत होता?" पटलं, पण अर्धंच. ज्वारी कणगीतली असते, दिली की कणगी कमी होते. शेअरचं तसं नाही. कंपनीच्या कोठारात शेअर पडून नसतात, ते कागदावर नव्याने निघतात. मग कमी काय झालं?

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न मॅडमपुढे ठेवला. त्यांनी उलट विचारलं, "उद्या तुम्ही वीस लाखांचं बेंडिंग मशीन घेतलंत आणि विकणाऱ्याला पैशांऐवजी शेअर दिलेत. मशीन वहीत घ्याल की नाही?" घेणारच. "दरवर्षी घसारा लावाल?" लावणारच. "म्हणजे नफ्यातून घसारा जाईल, आणि त्या मशीनसाठी रोख कधीच गेलेली नसेल. तेव्हा तुमची तक्रार नसेल."

इथे मला उजेड पडला. खर्च कशाने दिला, यावर तो खर्च आहे की नाही हे ठरत नाही. काय वापरून संपलं, यावर ठरतं. मशीन दहा वर्षं झिजतं, म्हणून त्याची किंमत दहा वर्षांत नफ्यातून वळती होते. माणसाचं काम साठवता येत नाही. सोमवारचं प्रोग्रॅमिंग सोमवारी झालं आणि सोमवारीच वापरलं गेलं. कंपनीने ते घेतलं, त्याचा मोबदला अंशतः पगारात आणि अंशतः ऑप्शनमध्ये दिला. दुसरा भाग वहीत धरला नाही, तर ज्या कामातून मिळालेली बिलं आपण उत्पन्नात दाखवतो, त्याच कामाची किंमत अर्धवट दाखवतो.

आणि कमी काय झालं, याचं उत्तर कंपनीच्या तिजोरीत शोधायचंच नाही. ते आम्हा नवराबायकोच्या वाट्यात आहे. 400 चा शेअर कुणाला 100 ला मिळतो, तेव्हा उरलेले तीनशे आमच्या वाट्यातून जातात. हेच मी बाहेरच्या माणसाला 400 ने शेअर विकून केलं असतं आणि आलेल्या रोखीतून पोरांना बोनस वाटला असता, तर बोनस खर्चात टाकताना मी एक शब्द बोललो नसतो. दोन पायऱ्यांचं काम एका पायरीत केलं, एवढाच फरक.

आता आकडा. ऑप्शनची किंमत नुसती 400 वजा 100, म्हणजे 300, धरत नाहीत. शंभर रुपये आज भरायचे नाहीत, काही वर्षांनी भरायचे आहेत. तोवर त्यांचं व्याज पोराच्या खिशात राहतं. शिवाय शेअर पडला तर तो घेणारच नाही, वाढला तर घेईल, या मोकळिकीलाही किंमत आहे. ब्लॅक-शोल्स नावाचं सूत्र हे सगळं एकत्र मोजतं. चार वर्षांची मुदत, सात टक्के व्याज आणि शेअरच्या चढउताराचा 40 टक्के अंदाज धरून आमचा आकडा 325 रुपये आला. हा ग्रँटच्या, म्हणजे ऑप्शन दिल्याच्या, दिवशी ठरतो आणि पुढे बदलत नाही. शेअर नंतर हजाराला जावो की शंभरावर येवो.

बदलते ती माणसांची संख्या. पहिल्या वर्षअखेरीस आमचा अंदाज होता की बारातले दोघे जातील. म्हणजे 5,000 ऑप्शन, गुणिले 325, एकूण सव्वासोळा लाख. हे काम तीन वर्षांचं, म्हणून पहिल्या वर्षी एक तृतीयांश: तेच ते 5,41,667. दुसऱ्या वर्षी दोघे खरंच गेले आणि तिसरा जाईल असं दिसू लागलं. म्हणून एकूण खर्च 4,500 ऑप्शनवर आला, 14,62,500. त्याचे दोन तृतीयांश 9,75,000, त्यातून आधी धरलेले वजा, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या वाट्याला 4,33,333. तिसरा गेलाच. नऊ जण उरले आणि शेवटच्या वर्षी बाकीचे 4,87,500 पडले.

नोंद एकच असते. खर्च खाते नावे, ऑप्शन राखीव खाते जमा. गंमत अशी की हे राखीव खाते भागधारकांच्या निधीतच बसतं. म्हणजे नफा कमी होऊन निधी एका बाजूने घटतो आणि राखीव वाढून दुसऱ्या बाजूने तेवढाच भरतो. एकूण निधी जिथल्या तिथे, रोखही जिथल्या तिथे. आमच्या बँकेतल्या साहेबांनी घटलेला नफा बघून भुवया उंचावल्या, तेव्हा मी त्यांना रोख प्रवाहाचं पत्रक उघडून दाखवलं. तिथे हीच रक्कम नफ्यात परत मिळवलेली असते, घसाऱ्यासारखी. कर्ज फेडायला लागणारी रोख हललेली नाही, हे त्यांना लगेच कळलं. घसारा त्यांनी रोज पाहिलेला असतो.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते. मुदतीआधी माणूस गेला तर त्याच्या नावावर धरलेला खर्च उलटतो. पण तो तीन वर्षं टिकला आणि नंतर शेअर 100 च्या खाली गेल्यामुळे त्याने घेतलाच नाही, तरी खर्च उलटत नाही. राखीवमधली रक्कम फार तर दुसऱ्या राखीवात सरकवता येते. मॅडमचं म्हणणं, काम तर त्याने करून दिलं ना? तर्क बरोबर आहे. तरीही ज्याला काहीच मिळालं नाही त्याच्यापायी माझा नफा कमी झालेला राहतो, हे माझ्यातल्या दुकानदाराला अजून पचत नाही.

हे भांडण माझ्या एकट्याचं नाही, हे नंतर वाचलं. अमेरिकेत 1990 च्या दशकात हिशेबाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने हाच खर्च नफ्यातून दाखवा म्हटलं, तेव्हा कंपन्यांनी इतकी ओरड केली की 1994 मध्ये तिथल्या सेनेटने 88 विरुद्ध 9 मतांनी त्याविरोधात ठराव केला. मंडळ नमलं. 1995 च्या नियमात टीपेत आकडा दिला तरी चालेल अशी सवलत ठेवली. 2004 मध्ये ती काढून घेतली. आपल्याकडे आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांना सनदी लेखापालांच्या संस्थेची मार्गदर्शक टिप्पणी लागते. जुन्या टिप्पणीत ग्रँटच्या दिवशीची शेअरची किंमत आणि पोराने भरायचा भाव, एवढाच फरक खर्चात धरायची मुभा होती. म्हणजे 400 चा शेअर 400 लाच देऊ केला की खर्च शून्य. 1 एप्रिल 2021 पासूनच्या ग्रँटना सुधारित टिप्पणी लागू झाली, आणि ऑप्शनचं रास्त मूल्य काढणं आलं. आमची पत्रं त्यानंतर वर्षाने निघाली. आधी वाटली असती आणि भाव 400 च ठेवला असता, तर मी हे सगळं शिकलोच नसतो.

2025 च्या पावसाळ्यात नऊही जणांनी प्रत्येकी 50,000 रुपये भरले. साडेचार लाख खरोखर बँकेत आले, म्हणजे या सगळ्या प्रकरणात कंपनीची रोख वाढलीच. दर्शनी किंमत 10 रुपये, म्हणून 45,000 भागभांडवलात गेले. उरलेले चार लाख पाच हजार आणि राखीव खात्यातले 14,62,500 मिळून प्रीमियम खात्यात, म्हणजे दर्शनी किमतीच्या वरची रक्कम जिथे जमा होते तिथे. राखीव शून्य झालं. पोरांना मात्र झटका बसला. तोवर शेअर 520 ला होता, त्यामुळे 420 रुपयांचा फरक त्यांच्या पगारात धरून आम्हाला कर कापावा लागला. 500 शेअरवर दोन लाख दहा हजारांचं उत्पन्न, आणि हातात रोख काहीच नाही. तेव्हा त्यांचा चेहरा 2023 मधल्या माझ्या चेहऱ्यासारखा झाला होता. हे त्यांना ग्रँटच्या दिवशीच पेढ्यांबरोबर सांगायला हवं होतं. कर हप्त्याहप्त्याने पगारातून वळता करून घेता यावा म्हणून मग आम्ही त्यांना आगाऊ रक्कम दिली.

आमचा वाटा शंभर टक्क्यांवरून 95.7 वर आला. वार्षिक सभेला इतकी वर्षं मी आणि बायको स्वयंपाकघरात बसून सह्या करायचो. यंदा ऑफिसात अकरा खुर्च्या मांडल्या. मी नव्या दहा पोरांना ऑप्शन द्यायचा विषय काढला, तसा पॅनेल विभागातला आमचा सर्वांत जुना मुलगा, आता भागधारक, हात वर करून म्हणाला, "सर, या ग्रँटचा खर्च किती धरलाय? आणि आमचा वाटा कितीने कमी होणार?"