मुरूम राहिला, रोहयो गेली

तीस सेकंदांच्या एका जाहिरातीसाठी मी तीनदा एसटीने स्टुडिओत गेलो. चौथ्यांदा जायची पाळी आली असती, तर मी ती गादीच डोक्यावर घेऊन गेलो असतो.

हिवाळ्यात मी झाडीपट्टीच्या नाटकांसाठी विनोदी प्रवेश लिहितो. ते ठाऊक असल्यामुळे आमच्या गावच्या गादीवाल्या भाऊंनी गळ घातली. बाजाराच्या दिवशी ऑटोवर भोंगा लावून जाहिरात फिरवायची होती. सांगायचं एकच: जुनी गादी सकाळी आणा, कापूस पिंजून, भरून संध्याकाळी न्या. खरं तर भाऊंना फोम, उशा, फोन नंबर, सगळंच हवं होतं. पण तीस सेकंदांत घाई न करता बोललं, तर पासष्ट-सत्तर शब्द बसतात. त्यातले निम्मे विनोद खातो. त्यांच्याशी भांडून मी एकच गोष्ट ठेवली.

संहिता एका रात्रीत झाली. जावई सासुरवाडीला आलेला. सासू विचारते, "जवाईबापू, झोप झाली का?" तो म्हणतो, "मामी, या गादीत कापूस हाय का मुरूम? रातभर रोहयोच्या कामावर होतो असं वाटलं." त्यावर मागून सासरा: "मंग मजुरी घेऊन जा ना!" त्यानंतर दुकानाचं नाव आणि पिंजण्याची गोष्ट.

पानठेल्यावर मोबाईलवर ऐकवली. सात जण होते, सातही हसले. मी खूश. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनाच विचारलं, काल काय ऐकलं? मुरूम सगळ्यांना आठवत होता. दुकानाचं नाव एकालाही नाही. एकाने तर मलाच विचारलं, "रोहयोची मजुरी वाढली का गा?"

(चाचणी घ्यायची तर अशीच घ्या. ऐकवल्या ऐकवल्या विचारलं, तर लोक तुमचं मन राखतात. एक रात्र जाऊ द्या.)

सासऱ्याची ओळ मला सगळ्यात लाडकी होती. पण मुरूम म्हटलं की डोळ्यापुढे गादीच येते, गाठी झालेली गादी. रोहयो म्हटलं की माणूस गादीवरून उठून थेट रस्त्याच्या कामावर जातो आणि तिथेच राहतो. म्हणजे रोहयो कापायलाच हवी होती, आणि तिच्याबरोबर सासऱ्याची मजुरीही. दोन दिवस रुसून बसलो, मग कापली.

तरीही नाव कुणाला आठवेना. ते समजायला चाचणीची दुसरी फेरी लागली. नाटकात हशा पिकला की नट थांबतो. हशा उतरतो, मग पुढचं वाक्य. समोर माणसं दिसतात म्हणून ते जमतं. भोंग्याला माणसं दिसत नाहीत. माझं दुकानाचं नाव बरोब्बर हशाच्या पोटात पडत होतं.

म्हणून स्टुडिओवाल्याला म्हटलं, मुरूमनंतर दीड सेकंद काही नको, मग सासूचं पिंजण्याचं वाक्य. त्याने दीड सेकंद रिकामा कसा सोडायचा म्हणून तिथे डबीतला हशा भरला, आणि तो नावावरून थेट पुढे ओढला! परत गेलो. नाटकांचा हंगाम, त्याच्याकडे गाण्यांची रांग, मला चार दिवसांनंतरची वेळ. या वेळी हशा काढला, पण नावाखाली ढोलकी टाकली, वर आवाज घुमवला. मोबाईलवर बरं वाटायचं, भोंग्यावर नावाची पेज झाली. "नुसतं नाव कोरडं वाटते सर," हे त्याचं म्हणणं. अहो, कोरडंच पाहिजे! तिसऱ्या खेपेला त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि ढोलकी माझ्यासमोर बंद करायला लावली.

शेवटचं रूप असं झालं. सुरुवातीलाच सासू दुकानाचं नाव घेते, "तिथं गादी टाकाची राहून गेली." कारण ऑटो चालता असतो. कुणाच्या कानावर पहिलं टोक पडतं, कुणाच्या शेवटचं, म्हणून नाव दोन्हीकडे हवं. मग जावई, मुरूम, शांतता. मग सासू, अजिबात न हसता: "सकाळी नेतो, पिंजून संध्याकाळी आणतो. मुरूम निघून जाईन, बापू." आणि पुन्हा नाव. पिंजण्याची गोष्ट आता विनोदाच्या मागे राहिली नाही. जावयाला उत्तर म्हणून तीच आली.

पुढच्या बाजाराला मी दुकानात बसलो होतो. एक म्हातारी सायकलवर नातवाच्या मागे गादी बांधून आली. गादी उतरवून म्हणाली, "एवढा मुरूम काढून ठेव बाप्पा, संध्याकाळी नेतो."

मी भाऊंकडे पाहिलं. ते गादीच्या गाठी चाचपत म्हणाले, "ते ठीक हाय. पण फोन नंबर राहूनच गेला ना!"