संस्कृत वर्कशीट, तिसरी फेरी: रामेण, रामान् आणि स्मरन्ति

भाची आठवीत गेल्यापासून दर रविवारी तिच्यासाठी संस्कृतचं एक वर्कशीट बनवतो, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. मंगळवार पेठेतल्या घरी बसून स्प्रेडशीटमध्ये तयार करायचं, महाद्वार रोडवर झेरॉक्स काढायची आणि संध्याकाळी रंकाळ्यावर जायच्या आधी तिच्याकडून सोडवून घ्यायचं. या महिन्याचा विषय वर्तमानकाळ म्हणजे लट् लकार, आणि अकारान्त पुल्लिंगी नाम.

क्रियापदांचा भाग लवकर जमला. स्तंभात धातू न टाकता अंग टाकायचं, एवढं पहिल्या फेरीत शिकलो. गम् टाकलं तर शीट ‘गम्ति’ बनवतं. गच्छ, पश्य, तिष्ठ, पिब अशी अंगं टाकली की ति, तः, न्ति जोडले जातात आणि नऊ खाने बिनचूक भरतात. तिची एक चूक मात्र लक्षात ठेवण्यासारखी होती. तिने ‘सा पठती’ लिहिलं. मराठीत तो वाचतो आणि ती वाचते, म्हणून तिने स्त्रीलिंगासाठी शेवट दीर्घ केला. पण ‘अहं पठामि’मध्ये तिला अडचण आली नाही. आपल्या कोल्हापुरात मुलीही ‘मी जातो, मी वाचतो’च म्हणतात, म्हणून मी तिला सांगितलं, “तू स्वतःबद्दल बोलताना जसं करतेस, तसंच संस्कृत सगळ्यांबद्दल करतं. क्रियापदाला लिंग नाही.” त्यानंतर ती चूक पुन्हा दिसली नाही.

खरा वेळ गेला तो नामांमध्ये. नामांचे प्रत्ययही मी तसेच जोडत होतो. बालक या शब्दावर सूत्र तपासलं, बालकेन, बालकानाम् सगळं बरोबर आलं, म्हणून तेच बाराही शब्दांवर ओढलं. उत्तरपत्रिकेत ‘नृपेन’, ‘पुत्रेन’, ‘वृक्षानाम्’ छापून आलं. भाचीने पाठ्यपुस्तकातलं ‘रामेण’ दाखवून विचारलं, “मामा, इथं ण आहे, मग तुझ्या नृपला न कसा?” शीट परत घेतलं.

अकारान्त पुल्लिंगी शब्दाच्या तक्त्यात ही अडचण फक्त दोन खान्यांत येते: तृतीया एकवचन आणि षष्ठी बहुवचन. (फल, पुष्प यांसारखी नपुंसकलिंगी नामं घेतली तर फलानि-पुष्पाणि हा अनेकवचनाचा खाना वाढतो.) नियम पाणिनीच्या आठव्या अध्यायात आहे, ८.४.१ आणि ८.४.२: एकाच पदात ऋ, र् किंवा ष् नंतर येणाऱ्या न् चा ण् होतो, आणि मध्ये स्वर, कवर्ग, पवर्ग, य्, व्, ह् आले तरी होतो. मध्ये चवर्ग, टवर्ग, तवर्ग, ल्, श्, स् यांपैकी काही आलं तर होत नाही.

ही यादी आठवीतल्या मुलीला पाठ करायला देणं मला पटेना, म्हणून तिला शब्द मोठ्याने म्हणायला लावले. र् आणि ष् म्हणताना जिभेचं टोक वर वळतं. ‘नृपेण’मधला प ओठांनी होतो, ‘मृगेण’मधला ग घशाकडे होतो, म्हणजे मधल्या वेळात टोकाला दुसरं काम पडत नाही आणि पुढचा न त्याच वळलेल्या टोकाने ण होतो. ‘रथ’ म्हणताना मात्र थ साठी जीभ दातांना लागते, वळण मोडतं, म्हणून रथेन. अर्जुनात ज आडवा येतो, म्हणून अर्जुनेन. कृष्णाचा ण स्वतःच टवर्गातला, म्हणून कृष्णेन. हे तिने आरशासमोर उभं राहून करून बघितलं.

मग यादी मुद्दाम अशी लावली की निम्मे शब्द न चे आणि निम्मे ण चे. बालक, गज, लेखक, रथ, अर्जुन, कृष्ण एका बाजूला. नृप, पुत्र, वृक्ष, मृग, सर्प, शिक्षक दुसऱ्या बाजूला, आणि कागदावर सगळे मिसळलेले. यातला ‘शिक्षक’ सगळ्यांत कामाचा निघाला. तिने ‘शिक्षकेन’ लिहिलं आणि ठामपणे म्हणाली, “यात र नाही, ष नाही.” मी क्ष फोडून दाखवला: क् अधिक ष्. ष् नंतर अ, मग क्, मग ए, यातलं काहीच आड येत नाही, म्हणून शिक्षकेण आणि शिक्षकाणाम्. लेखक आणि शिक्षक शेजारी ठेवले की फरक नुसत्या त्या क्ष मुळे पडतो हे दिसतं. वर्कशीट बनवणाऱ्यांनी ही जोडी जरूर घ्यावी.

शीटमध्ये दुरुस्ती साधी केली. न/ण ओळखणारं सूत्र लिहिण्याच्या मागे लागलो नाही. B स्तंभात प्रत्येक शब्दापुढे हाताने न किंवा ण लिहिला, कारण तो निर्णय आपणच घेतलेला बरा.

```
=A2&IF(B2="ण","ेण","ेन")
=A2&"ा"&IF(B2="ण","णाम्","नाम्")
```

यानंतर वाक्यं दिली. पहिलं होतं ‘नृपः पुत्रेण सह वनं गच्छति’, आणि सूचना होती की वनम् तसंच ठेवून राजा आणि मुलगा दोघांचंही वचन बदला. अनेकवचन तिने बरोबर लिहिलं: नृपाः पुत्रैः सह वनं गच्छन्ति. द्विवचनात ‘नृपौ पुत्राभ्यां’पर्यंत ठीक, पण पुढे ‘गच्छन्ति’. मराठीत दोन माणसं आणि दहा माणसं सारखीच जातात, त्यामुळे नाम तक्त्यातून आलं आणि क्रियापद सवयीतून. आता मी क्रियापदाची रिकामी जागा कर्त्याच्या लगेच शेजारी ठेवतो, ‘नृपौ ______ (गम्)’, आणि बाकीचं वाक्य नंतर. त्याने गच्छतः यायला लागलं आहे.

दुसरं वाक्य होतं ‘छात्राः शिक्षकाणाम् उपदेशं स्मरन्ति’. हे सोडवून झाल्यावर ती थांबली. म्हणाली, “स्मरन्तिमध्ये र आहे, मध्ये फक्त अ आहे, मग स्मरण्ति का नाही?” प्रश्न अगदी बरोबर होता, आणि माझ्या वर्कशीटवर त्याचं उत्तर नव्हतं. नियमात आणखी एक अट आहे: त्या न् च्या पुढे स्वर, किंवा न्, म्, य्, व् यांपैकी काहीतरी हवं. रामेण मध्ये पुढे अ आहे, शिक्षकाणाम् मध्ये आ आहे. स्मरन्ति मध्ये पुढे त् आहे, तो न् ला दातांशीच धरून ठेवतो. आणि ‘रामान्’, ‘छात्रान्’ यांत न् शब्दाच्या अगदी शेवटी आहे, पुढे काहीच नाही, म्हणून तिथेही ण होत नाही. पाणिनीने पदान्त न् साठी वेगळं सूत्र दिलं आहे, पण मुलांना ‘न् च्या पुढे बघ’ ही एकच सूचना दोन्हीकडे पुरते.

म्हणून तिसऱ्या फेरीत एक छोटा चौकोन वाढवला. त्यात चारच शब्द: शिक्षकेण, शिक्षकान्, स्मरन्ति, रथेन. प्रत्येकापुढे न किंवा ण का, ते एका ओळीत लिहायचं. रथेनसाठी तिने लिहिलं, ‘जीभ थला खाली आली.’ शिक्षकान् साठी, ‘पुढे कोणी नाही.’ दोन्हींना पूर्ण गुण दिले.

पुढच्या रविवारी आकारान्त स्त्रीलिंगी नामं. तिथे तृतीया ‘मालया’ होते, त्यामुळे तो खाना सुटतो आणि फक्त षष्ठी बहुवचन उरतं. शब्द काढून ठेवले आहेत: माला, लता, कन्या, भाषा, यात्रा, परीक्षा. परीक्षाणाम् तिला जमतं का ते बघतो. क्ष तर आता तिला फोडता येतो.